पाहुण्यांशी वागणूक

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या हातात आजोबांचा फोन आहे. स्क्रीनवर चार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे पाच रिकामे तारे. तिसऱ्या ताऱ्यावर बोट ठेवलंत तर तीन तारे पिवळे होतात, पाचव्यावर ठेवलंत तर पाचही. खेळच वाटतो. आता आणखी एक कल्पना करा. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात एक माणूस बसला आहे, आणि येत्या हंगामात त्याला काम मिळेल की नाही, हे तुमच्या त्या बोटावर आहे. आणि कुठल्या ताऱ्यावर बोट ठेवायचं हे तुम्ही नाही, आजोबा ठरवणार आहेत. बोट मात्र तुमचं.

झाली कल्पना? मग आता भिंगरीची गोष्ट ऐका.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बसत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ती पाचवीत होती आणि तिचं घर आजोळाला लागूनच होतं. तिच्या मामाचं लग्न ठरलं तेव्हा फोटोग्राफर शोधण्याचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं. आजोबा वजनमापं तपासणारे अधिकारी होते. आता निवृत्त झाले होते, पण भाजीवाल्याच्या काट्याकडे अजून अशा नजरेने बघत की तो बिचारा न मागता एक टोमॅटो जास्त टाकायचा. त्यांनी एका वेबसाइटवर फोटोग्राफर निवडला. त्या साइटवर लग्नाची कामं करणारी सगळी मंडळी असत आणि लोकांनी त्यांना दिलेले तारे नावापुढे दिसत. ज्याचे तारे जास्त, त्याचं नाव वर. आजोबांनी वरून दुसरा निवडला. "पहिल्याला माज असतो," ते म्हणाले.

लग्नाच्या सकाळी हा फोटोग्राफर हॉल उघडण्याच्या आधीच पायरीवर येऊन बसला होता. उंच, जरा वाकलेला, खाली बसला की गुडघे वाजणारा. गळ्यात दोन कॅमेरे. व्हिडिओवाला जोडीदार गाडीतून दिवे उतरवत होता. भिंगरी धावत पायऱ्या चढायला लागली तेव्हा त्याने विचारलं, "तू मुलीकडची की मुलाकडची?"

"मुलाकडची. नवरदेव माझा मामा आहे."

"सख्खा?"

"मग काय उसना?"

तो हसला. "असं माणूसच मला हवं होतं. आज तू माझी साहेब."

आता ही त्याची काम करायची एक रीत होती, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. लग्नात फोटोग्राफरला घरची माणसं कोण हे ठाऊक नसतं. मोठ्यांना विचारावं तर ते घाईत असतात. आणि घाईत नसले तरी मोठी माणसं कोणाला तरी विसरतात, कोणाला तरी मुद्दाम विसरतात. मग अल्बम हातात आल्यावर ओरड होते की आमच्या आत्याचा एकही फोटो नाही, थोरल्या काकांना कडेला उभं केलं. म्हणून हा फोटोग्राफर प्रत्येक लग्नात घरातलं एक मूल गाठायचा. मुलांना सगळी नाती पाठ असतात आणि मुलं कोणाला वगळत नाहीत.

भिंगरीने साहेबकी मन लावून केली. "ते चष्मेवाले, ते आजोबांचे मोठे भाऊ. त्यांना खुर्ची लागेल. ती लाल ओढणी, ती आईची मामेबहीण. ते जांभई देतायत ना, ते कोणाचेच नाहीत, हॉलचे मॅनेजर आहेत." फोटोग्राफर प्रत्येकाकडे जाऊन वाकून बोलायचा. "काका, मान थोडी इकडे. बास, आता हलू नका, तुम्ही असेच छान दिसता." एका म्हाताऱ्या पाहुणीला स्टेजची पायरी चढवेना, तर तो गटच्या गट खाली घेऊन आला. कोणाला हाडहूड म्हणून नाही.

मग घरच्यांचा मोठा फोटो काढायची वेळ झाली. मध्ये मामा आणि नवी मामी, एका बाजूला आजी-आजोबा आणि आई, दुसऱ्या बाजूला मामीचे आईवडील, मागे बाकीचे. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि भिंगरीला विचारलं, "साहेब, सगळे आले? कोणी राहिलं का?"

भिंगरीने हॉलभर नजर फिरवली. अगदी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, निळ्या कपड्यांत एक बाई एकटीच बसली होती. भिंगरीने तिला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, पण ओळखायला क्षणही लागला नाही.

"माझी मावशी राहिली," ती म्हणाली. "आईची मोठी बहीण. ती बघा, तिकडे."

फोटोग्राफर खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेला. मावशी नको नको म्हणत होती. भिंगरीला लांबून दिसत होतं ते. पण तो हसत, अदबीने म्हणाला असावा की ताई, तुमच्याशिवाय फोटो अडलाय, कारण शेवटी ती उठली. तो तिला स्टेजवर घेऊन आला आणि आजी आणि आईच्या मध्ये जागा करून उभं केलं. भिंगरी तिच्या पुढ्यात उभी राहिली. मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात थंडगार होता.

सगळ्यांचे चेहरे क्षणभर दगडासारखे झाले. पण समोर मामीचं सगळं माहेर बसलं होतं. मग आजोबा हसले. आजोबा हसले म्हणून आजी हसली, आजी हसली म्हणून मामा. फोटो फार सुंदर आला.

भिंगरीला जे माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगतो. मावशी नवऱ्याचं घर सोडून निघून गेली होती आणि दुसऱ्या गावी नोकरी करून एकटी राहत होती. का सोडलं, हे आजोबांनी विचारलं नव्हतं. मामासाठी मुलगी बघताना त्यांनी मुलीकडच्यांना सांगितलं होतं की आम्हाला दोनच मुलं, एक मुलगी आणि हा मुलगा. तरीही मामाने बहिणीला गुपचूप फोन केला होता. "ये," म्हणाला होता. आणि पुढे म्हणाला होता, "पण मागे बस."

त्या फोटोनंतर ती जेवायलाही थांबली नाही. मामीने विचारलं, "त्या निळ्या कपड्यांतल्या कोण होत्या?" आजी म्हणाली, "आहे एक लांबची." इतकंच.

*

अल्बमसाठी फोटो निवडायला फोटोग्राफरने दुकानात बोलावलं, तेव्हा आजोबा, मामा आणि भिंगरी गेले. काळे पडदे, एक मोठा स्क्रीन, भिंतीवर अनोळखी नवरानवरी. आजोबा खुर्चीत बसून एकेका फोटोवर "घ्या", "नको", "घ्या" म्हणत होते. मोठा फोटो आला तसे ते थांबले.

"हा मधल्या जोडपानावर, दोन पानं मिळून मोठा घ्या. पण या बाईंना काढून टाका."

"कोणाला?" फोटोग्राफरने विचारलं.

"ही निळी. चुकून आलेली बाई आहे."

फोटोग्राफरचे हात कीबोर्डवर होते ते तसेच राहिले. त्याने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी खुर्चीच्या पाठीवरचा सुटलेला दोरा ओढत होती. तो ओढतच राहिली.

"काका," फोटोग्राफर म्हणाला, "या कडेला असत्या तर सोपं होतं. या अगदी मध्ये आहेत. यांना काढलं की मोठं भोक पडणार. मग बाकीच्यांना जवळ सरकवा, मागचा पडदा नव्याने तयार करा, यांच्यामागे ज्यांचा हात झाकलाय तो दुसऱ्या फोटोतून आणा. आणि या मुलीच्या खांद्यावर त्यांचा हात आहे, तो खांदाही दुसरीकडून आणावा लागेल. दुसऱ्या फोटोंत उजेड वेगळा आहे. त्यापेक्षा दुसरा एखादा फोटो मध्ये घेऊ."

"सगळं घर एकत्र असलेला दुसरा फोटो आहे का?"

"नाही. त्यानंतर कोणी पुन्हा एकत्र उभंच राहिलं नाही."

"मग हाच. आणि बाकीच्या फोटोंतही मागेबिगे कुठे दिसत असेल तर तेही बघा. एकाही पानावर नको."

"बघतो. पण वेळ लागेल. ठरल्या तारखेला अल्बम मिळणार नाही. चालेल ना?"

"लागू दे की," आजोबा म्हणाले. मामा मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होता. म्हणजे वाचण्यासारखं काही नव्हतं, पण वाचत होता.

निघताना फोटोग्राफर भिंगरीशी नेहमीसारखं बोलला नाही. साहेब म्हणाला नाही. नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि दार उघडून धरलं. कोणी सांगितलं, कोणी बोट दाखवलं, हे आजोबांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. घरी मामी नसली की आजोबा सगळ्यांना सांगत, "त्या फोटोग्राफरच्या नाकाला काय वास आला कोण जाणे, नेमका तिला शोधून वर घेऊन आला." भिंगरी तेव्हा खोलीत असली तरी बाहेर जायची.

अल्बम उशिरा आला. आला तो मात्र असा की हात फिरवत राहावंसं वाटे. जाड पानं, सपाट उघडणारी, कुठे शिवण दिसत नाही. मधल्या जोडपानावर सगळे हसत होते. आईच्या शेजारी थेट आजी. मध्ये कधी कोणी होतं याची खूण नाही. भिंगरीने नाक टेकवून स्वतःचा खांदा पाहिला. खांदा तिचाच होता, कपड्यांवरची फुलंही तीच. त्या माणसाने एकेक फूल बसवलं होतं.

मामी म्हणाली, "अहो, या फोटोत अजून कोणीतरी होतं ना?"

"तू स्टेजवर इतकी दमली होतीस," मामा म्हणाला, "तुला काय आठवणार."

अल्बम द्यायला फोटोग्राफर स्वतः आला होता. जाताना दारात म्हणाला, "काका, साइटवर तेवढे तारे द्या. नवीन लोक तेच बघून फोन करतात. नवे तारे जास्त धरतात, चाराच्या खाली गेलो की नाव मागच्या पानांवर जातं, आणि तिथपर्यंत कोणी येत नाही."

"देऊ की. जे असेल ते देऊ," आजोबा म्हणाले.

*

पुढच्या शनिवारी दुपारी मामी कामावर गेली होती. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि फोन भिंगरीच्या हातात दिला. "मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. मी सांगतो, तू दाब." आई कपड्यांच्या घड्या घालत होती, आजी शेंगा सोलत होती, मामा आडवा पडला होता. सगळे होते आणि सगळ्यांना वेळ होता. अशा वेळी दुसऱ्याला मार्क द्यायला माणसांना फार बरं वाटतं.

"पहिलं काय आहे?"

"अल्बमचा दर्जा," भिंगरीने वाचलं.

"पाच दे बाई," आजी म्हणाली. "माझा चेहरा पहिल्यांदा कुणीतरी नीट काढलाय."

"पाच देत नाहीत कधी," आजोबा म्हणाले. "पाच दिले की माणूस सुधारत नाही. तीन."

भिंगरीने तीन दाबले.

"वेळ पाळणे."

"वेळेवर आला होता," मामा डोळे न उघडता म्हणाला. "उलट आधीच आला होता."

"तेच तर," आजी म्हणाली. "इतक्या लवकर येऊन बसला की मला त्याच्यासाठी आधी चहा करून न्यावा लागला. माझे केस तसेच राहिले."

"म्हणजे दिलेली वेळ पाळली नाही," आजोबा म्हणाले. "वेळ म्हणजे वेळ. अलीकडे नाही, पलीकडे नाही. तीन."

आई हसली. "बाबा, तुम्ही म्हणजे ना." पण घडी घालत राहिली.

"एडिटिंगला लागलेला वेळ."

"एक," आजोबा म्हणाले.

भिंगरीचं बोट हवेतच थांबलं. "पण आजोबा, ते आधीच म्हणाले होते ना, वेळ लागेल. तुम्ही म्हणालात लागू दे."

"मी म्हणालो वेळ लागू दे. इतका लागू दे म्हणालो का? दाब."

"त्यांना मावशीला सगळ्या फोटोंतून..."

"भिंगरी," आई म्हणाली. एवढंच. शेंगा सोलण्याचा आवाजही थांबला. या घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. भिंगरीने एक तारा दाबला.

"आता शेवटचं."

"पाहुण्यांशी वागणूक."

आजोबा खुर्चीत सरसावून बसले. "एक. आणि खाली लिहायला जागा आहे ना? तिथे लिही. पाहुण्यांना त्यांची इच्छा नसताना जागेवरून उठवतात. यजमानांना न विचारता कोणालाही घरच्या फोटोत आणून उभं करतात. घरच्या गोष्टींत नाक खुपसतात."

आता इथे भिंगरी काय करू शकली असती, याचा विचार तुम्ही नंतर करा. तिने काय केलं ते सांगतो. तिने फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "त्यांनी नाक नाही खुपसलं. मी सांगितलं त्यांना. त्यांनी मला विचारलं कोणी राहिलं का, आणि मी म्हटलं मावशी राहिली. मीच बोट दाखवलं."

 आईच्या हातात मामाचा शर्ट होता, तो तिने घडी न घालता मांडीवर धरला.

भिंगरीला वाटलं होतं आता तिला ओरडा बसेल. ओरडा बसला असता तर बरं झालं असतं, कारण मग तारे बदलले असते. पण आजोबा तिला ओरडले नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला.

"बघितलंत?" ते सगळ्यांना म्हणाले. "पोरीला गाठून हे काढून घेतलं त्याने. तुझी काही चूक नाही ग बाळा. लहान मुलाला काय कळतं? मोठ्या माणसाने लहान मुलाला विचारून काम करायचं असतं का? मी उगाच विचार करत होतो की एक तारा जरा कमी होतो का." ते मामाकडे वळले. "शून्य देता येतं का रे?"

"नाही. एक तरी द्यावाच लागतो."

"मग एकच. आणि अजून एक वाक्य घाल. लहान मुलांना फूस लावून घरची माहिती काढून घेतात."

"फूस नाही लावली," भिंगरी म्हणाली. "ते मला साहेब म्हणाले."

"त्यालाच फूस म्हणतात," आजोबा म्हणाले.

भिंगरीने आईकडे पाहिलं. आईने शर्टाची घडी घातली, वरून हात फिरवला. मग खाली बघतच म्हणाली, "लिही ग. संपव एकदाचं."

भिंगरीने लिहिलं. एकेक अक्षर शोधून लिहिलं. आजोबांनी दोनदा वाचून घेतलं, एके ठिकाणी स्वल्पविराम घालायला लावला. मग तिने बटण दाबलं. चार ओळींची सरासरी दोन आली. स्क्रीनवर फुगे उडाले आणि अक्षरं उमटली, 'तुमचं मत मोलाचं आहे.'

त्या साइटवर ज्याला तारे दिले जातात त्याला एकदाच उत्तर देता येतं आणि ते सगळ्यांना दिसतं. भिंगरी रोज आजोबांचा फोन मागून घेऊन बघायची. तिला वाटायचं, आता तो लिहील. लिहील की उशीर का झाला, कोणाला पुसायला लावलं, कोणी बोट दाखवलं. तिला त्याची भीती वाटायची, आणि त्याने लिहावं असंही वाटायचं.

मग एके दिवशी उत्तर आलं. 'एडिटिंगला जास्त वेळ लागला, हे खरं आहे. दिलगीर आहे. नव्या जोडप्याला शुभेच्छा.'

आजोबांनी ते वाचून घेतलं आणि मान डोलावली. "बघा, कबूल केलं. खरं असेल ते माणसाला कबूल करावंच लागतं."

भिंगरीने परत मागे जाऊन यादी उघडली. वरून दुसरं असलेलं फोटोग्राफरचं नाव आता पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्यावरही नव्हतं. तिने स्क्रीन वर सरकवत सरकवत त्याला शोधलं. सापडला तेव्हा त्याच्या नावाखाली आजोबांचंच मत आधी दिसत होतं, कारण ते सगळ्यात नवीन होतं.

*

थंडी संपत आली तेव्हा मामीचे काका भेटायला आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. भिंगरी आतून पाण्याचे पेले घेऊन आली. अल्बम टेबलावर उघडा होता आणि काका पानं उलटत होते.

"काय सुरेख काम आहे," ते म्हणाले. "मी पुतणीला म्हटलं, आपल्याला हाच माणूस हवा. त्याच्याशी बोलणंही झालं होतं. तारखा मोकळ्या आहेत म्हणाला, अगदी सगळ्याच मोकळ्या आहेत म्हणाला. तेव्हाच मला शंका आली. मग साइटवर बघतो तर हे." त्यांनी फोन वर केला. "आणि लिहिणारे कोण, तर तुम्हीच."

"आम्ही अनुभव घेतलाय," आजोबा म्हणाले.

"नाही, बरं झालं लिहिलंत. घरात लहान मुलं आहेत आमच्याकडेही. फूस लावणारा माणूस म्हटल्यावर कोण बोलावणार? उद्या त्याला नाही म्हणून कळवतो."

मामी पाण्याचा पेला हातात घेऊन तसाच धरून होती. "पण मला हे खरंच कळत नाही," ती म्हणाली. "मी तर दिवसभर त्यांच्या समोर होते. किती अदबीने वागत होते. माझ्या आजीसाठी सगळ्यांना खाली घेऊन आले. काय झालं होतं नेमकं? कोणाला उठवलं त्यांनी?"

"अग, असतं काहीतरी," मामा म्हणाला.

"काहीतरी म्हणजे काय? दोन तारे दिलेत तुम्ही. माझ्या लग्नाचे फोटो आहेत ते, मला कोणी विचारलंही नाही."

आजी उठून चहाचं बघते म्हणाली आणि उठली नाही. आजोबांनी घसा साफ केला. "जुनी गोष्ट झाली आता. विषय कशाला वाढवायचा?"

"पण त्या माणसाचं काम जातंय, बाबा," मामी म्हणाली. मग तिने मान वळवली. "भिंगरी, तू तर दिवसभर त्यांच्याबरोबर होतीस. तुला तरी माहीत असेल ना?"

आई पटकन म्हणाली, "तिला काय कळतंय. भिंगरी, आत जा. ट्रे ठेव आत नेऊन."

 आजोबा नुसते तिच्याकडे बघत होते, आणि त्या शनिवारी बघत होते तितक्याच मायेने.

भिंगरी आत गेली नाही. तिने ट्रे तिथेच अल्बमच्या शेजारी ठेवला आणि काकांपुढे हात केला. "जरा फोन द्या," ती म्हणाली. काकांनी दिला. ती मामीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि आजोबांनी लिहायला लावलेलं पहिलं वाक्य तिने मोठ्याने वाचलं. मग थांबली, आणि कोणाला उठवलं होतं ते मामीला सांगितलं. मग दुसरं वाक्य वाचायला घेतलं.